तिजोरीतले सोने आणि हाती असलेला डॉलर

(नागपूर येथील व्याख्यानाचा शब्दांकित भाग)



रिझर्व्ह बँकेचे देशात ठेवलेले सोने दोनच ठिकाणी असते. एक मुंबई आणि दुसरे आपले नागपूर. १९९१ साली भारतावर जे परकीय चलनाचे संकट कोसळले, त्याची कथा या सोन्यापासूनच सांगणे योग्य ठरेल.

मार्च १९९० अखेर देशाची एकूण परकीय गंगाजळी सुमारे ३९६ कोटी डॉलर होती. मार्च १९९१ मध्ये ती ५८३ कोटींवर गेलेली दिसते. हा आकडा पाहणाऱ्यास वाटेल की देशाची स्थिती सुधारली. प्रत्यक्षात त्यानंतर चारच महिन्यांत सोने गहाण टाकण्याची वेळ आली. मग आकडा वाढला कसा?

ऑक्टोबर १९९० पर्यंत रिझर्व्ह बँक आपल्या सोन्याची किंमत दहा ग्रॅमला ८४ रुपये ३९ पैसे अशी जुन्या कायदेशीर दराने मांडत असे. त्या वेळी इतवारीच्या सराफ्यात तेवढ्याच सोन्याला तीन हजारांवर रुपये मोजावे लागत. ऑक्टोबरमध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सोने बाजारभावाच्या जवळपास मांडले जाऊ लागले आणि वहीतील त्याची किंमत सुमारे ४९ कोटी डॉलरवरून ३५० कोटींवर गेली. बाहेरून एक डॉलरही आला नव्हता. ज्यातून तेलाचे बिल चुकते करता येते ती परकीय चलनाची रोकड याच वर्षात ३३७ कोटींवरून २२४ कोटींवर घसरली होती. त्यातही जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून घेतलेल्या सुमारे १८० कोटींचा आधार होता. ते येण्यापूर्वी, १६ जानेवारी १९९१ रोजी, रोकड ९० कोटींच्याही खाली गेली होती. जेमतेम दोन आठवड्यांची आयात!

म्हणून संकटाची चाहूल घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम गंगाजळीची बेरीज बाजूला ठेवून तिची फोड पाहावी.

दुसरी खूण देण्याच्या बाजूला असते. मार्च १९९१ अखेर वर्षभराच्या आत फेडावयाचे अल्पमुदतीचे कर्ज सुमारे ८५० कोटी डॉलर होते. सोन्यासह संपूर्ण गंगाजळीपेक्षा हे जवळपास दीडपट. रोकडीशी तुलना केली तर जवळजवळ चौपट. असे कर्ज एरवी कोणी फेडत नाही, ते फिरवले जाते. सावकाराचा विश्वास आहे तोवर जुनी हुंडी मिटते आणि नवी लिहिली जाते. परंतु ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेलाचे दर भडकले, आखातातून येणारा पैसा आटला. ऑक्टोबरपासून भारताची पत उतरवली जाऊ लागली आणि नवे कर्ज महाग, मग दुर्मीळ झाले. अनिवासी भारतीयांच्या अल्पमुदतीच्या ठेवी याच हिशेबात धरलेल्या होत्या, आणि त्याही निघू लागल्या. एप्रिल ते जून १९९१ या काळात महिन्याला सुमारे ३० कोटी डॉलर असे गेले. परदेशातील आपले बांधवही अखेर ठेवीदारच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दीर्घ मुदतीचे जे कर्ज याच वर्षी परिपक्व होणार ते मात्र अल्पमुदतीच्या आकड्यात सहसा दिसत नाही, हे जाणकाराने ध्यानात ठेवावे.

तिसरी खूण सर्वांत आधी दिसते आणि सर्वांत उशिरा बोचते. ती म्हणजे चालू खात्यावरील तूट. ऐंशीच्या दशकात ती वाढत गेली व १९९०-९१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे तीन टक्क्यांवर, ९७० कोटी डॉलरच्या घरात पोहोचली. तीन टक्के तूट स्वतः घातक नसते. कारखाने उभारण्यासाठी आलेल्या दीर्घकालीन भांडवलातून ती भरली गेली तर देश ती पेलतो. आपण ती व्यापारी कर्जे आणि केव्हाही निघू शकणाऱ्या ठेवी यांवर भरत होतो. २०१२-१३ मध्ये तूट ४.८ टक्के, म्हणजे याहूनही मोठी होती. २०१३ च्या ऑगस्टमध्ये रुपया कोसळलाही, परंतु गंगाजळी तेव्हा २७,००० कोटी डॉलरच्या वर होती आणि सोने गहाण पडले नाही. या खुणा धोका सांगतात, तारीख सांगत नाहीत.

१९९१ मध्ये मे महिन्यात वीस टन सोने पुनर्खरेदीच्या अटीवर परदेशात विकले गेले. २१ जूनला पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यापूर्वीच्या लोकसभेत आपल्या रामटेकचेच खासदार होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी, १ व ३ जुलै रोजी, रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. एकवीस रुपयांचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोने विमानाने मुंबईहून बँक ऑफ इंग्लंडकडे रवाना झाले. त्यावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून मिळाले सुमारे ४० कोटी डॉलर, म्हणजे एका आठवड्याच्याही आयातीस न पुरणारी रक्कम. ते कर्ज त्याच वर्षी फेडले गेले, सोने मात्र परदेशी तिजोरीतच राहिले. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंग्लंडमधील सुमारे शंभर टन सोने मायदेशी आणले.