मूळ, प्रत आणि सही: गृहकर्जाच्या तीन फायली

मी कोलकात्याहून बोलतोय. बँकेच्या गृहकर्ज विभागात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली शेवटची सगळी याच शहरात. आज कागदपत्रांची यादी सांगणार आहे. पण नुसती यादी कुठल्याही बँकेच्या काउंटरवर मिळते. ती घेऊन गेलेला माणूस तरीही तीन-तीन खेपा घालतो, कारण कोणता कागद दाखवायचा, कोणता द्यायचा आणि कोणता बँकेकडे ठेवायचा, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. आज तेवढंच बघू.

घरी तीन फायली करा. पहिलीत, मूळ कागद जे फक्त दाखवायचे आणि परत घेऊन यायचे. दुसरीत, त्यांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानावर तुमची सही केलेल्या. तिसरीत मालमत्तेचे कागद. या तिसऱ्या फाइलमधले मूळ कागद शेवटी बँकेकडे जातात आणि कर्ज फिटेपर्यंत तिथेच राहतात.

आधी ओळखीचे कागद. पॅन कार्ड लागतंच. त्याशिवाय पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा आधार यांपैकी एक. मूळ कार्ड बँकेचा अधिकारी हातात घेतो, झेरॉक्सशी ताडून बघतो आणि झेरॉक्सवर ‘ओरिजिनल सीन अँड व्हेरिफाइड’ असा शिक्का मारून सही करतो. मूळ कार्ड लगेच परत घ्यायचं. ‘दोन दिवस ठेवून जा’ असं कुणी एजंट म्हणाला, तर ठेवू नका. बँकेला ते ठेवून घ्यायचं काही कारण नसतं.

झेरॉक्सवर सही कशी करायची, यात बरेच लोक चुकतात. कोऱ्या समासात छोटीशी सही करू नका. सहीचा काही भाग छापील मजकुरावर येऊ द्या, खाली तारीख आणि ‘फक्त गृहकर्जासाठी’ असं लिहा, पुढे बँकेचं नाव. म्हणजे ती प्रत दुसऱ्या कामाला वापरणं अवघड जातं. मजकूर आणि फोटो मात्र वाचता आले पाहिजेत. आधारची प्रत शक्यतो मास्क केलेली द्या, ज्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आणि सही बँकेत नोंदवली आहे तशीच हवी. नवरा-बायको दोघं अर्जदार असतील, तर ज्याचा कागद त्याची सही. नवऱ्याने बायकोच्या पॅनवर सही करून चालत नाही.

आपल्या मराठी माणसांची इथे एक खास अडचण असते. आपल्या पॅनवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, मतदार कार्डावर कधी असतं, कधी नसतं. बाईंचं लग्नाआधीचं आडनाव एका कागदावर, नंतरचं दुसऱ्यावर. महाराष्ट्रात ते चटकन समजून घेतलं जातं, इथल्या माणसाला दोन वेगळ्या बायका वाटतात. तेव्हा ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. हे प्रतिज्ञापत्र मूळच द्यावं लागतं, म्हणून दोन प्रती करून घ्या.

पत्त्याचंही असंच. कार्डावर पुण्याचा किंवा नागपूरचा पत्ता आणि राहता कोलकात्यात. अशा वेळी इथलं वीजबिल चालतं, पण दोन महिन्यांच्या आतलं हवं. आणि नव्या पत्त्याचं ओळखपत्र तीन महिन्यांत आणून द्यावं लागतं.

उत्पन्नाचे कागद तुलनेने सोपे. नोकरदाराला साधारणपणे शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि पगार जमा होतो त्या खात्याचा सहा महिन्यांचा उतारा लागतो. हे सगळं हल्ली संगणकावरूनच निघतं, त्यामुळे मूळ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न येतो. बँकेच्या शिक्क्याचा उतारा किंवा नेटबँकिंगमधून स्वतः उतरवलेली पीडीएफ देता येते. ती पीडीएफ उघडून, काही पानं वगळून पुन्हा जोडलेली मात्र चालत नाही. एक पान गाळलं की पुढच्या पानाची सुरुवातीची शिल्लक मागच्याशी जुळत नाही, आणि अधिकारी पहिलं तेच बघतो. व्यवसाय करणाऱ्यांकडून दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि ताळेबंद मागतात. ताळेबंदावर तुमच्या सहीने भागत नाही, सनदी लेखापालाची सही आणि शिक्का लागतो.

आता तिसरी फाइल. खरा गुंता इथे आहे.

कोलकात्यात घर घेताना शब्दच आधी नवे वाटतात. आपलं खरेदीखत इथे ‘दलील’. हिंदीत दलील म्हणजे युक्तिवाद, बंगालीत दस्त. आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे ‘पर्चा’, त्यात खतियान आणि दाग नंबर असतात. फेरफाराच्या जागी म्युटेशन. शहराच्या हद्दीत ते कोलकाता महापालिकेकडे होतं आणि तिथे मालमत्तेला एक असेसी नंबर मिळतो.

या मूळ दलिलीला बँक एवढी का धरून बसते? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचा एक प्रकार आहे: मालकीचे कागद कर्ज देणाऱ्याच्या हाती तारण म्हणून सोपवले की गहाण झालं. ही सोय कायद्याने ज्या शहरांची नावं घेऊन दिली, त्यांत कलकत्ता, मद्रास आणि मुंबई आहेत. बाकीची शहरं सरकारी अधिसूचनांनी पुढे जोडली गेली. म्हणजे तुम्ही कागद बँकेच्या टेबलावर ठेवता, ते नुसतं जमा करणं नसतं. गहाण त्या क्षणी होतं. म्हणूनच तिथे झेरॉक्स चालत नाही, मग तिच्यावर कुणाचीही सही असो.

पण हे अगदी शेवटी, कर्ज मंजूर झाल्यावर. अर्जाच्या वेळी मालमत्तेच्या कागदांच्या फक्त प्रती द्यायच्या. त्या बँकेच्या वकिलाकडे आणि मूल्यांकन करणाऱ्याकडे जातात. जुन्या फ्लॅटच्या कागदांवर सही विकणाऱ्याची घ्या. कागद त्याचे आहेत, तुमचे नाहीत.

एक उदाहरण सांगतो. नावं सांगणार नाही. मूळ पुण्याकडचं जोडपं, तो सॉल्ट लेकला नोकरीला, ती शाळेत शिकवते. बेहाला भागात जुना फ्लॅट पसंत पडला. पाच लाख बयाणा दिला, पंचेचाळीस दिवसांत व्यवहार पुरा करायचा असा करार. विकणाऱ्याने दलिलीची स्वच्छ झेरॉक्स दिली, म्हणाला, मूळ कपाटात आहे, त्या दिवशी आणतो. वकिलाने प्रती वाचल्या, कर्ज तत्त्वतः मंजूर झालं. तीस दिवस असेच गेले. मग आमच्याकडून निरोप गेला की मूळ कागद दाखवा. तेव्हा तो म्हणाला, मूळ दलील दुसऱ्या बँकेत आहे, माझं थोडं कर्ज बाकी आहे.

त्याने फसवायचं ठरवलं होतं असं मला वाटत नाही. पैसे मिळाले की फेडू, असा त्याचा हिशोब होता. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण पंधरा दिवस उरले होते आणि पाच लाख अडकले होते.

यातून वाट निघते. विकणाऱ्याने त्याच्या बँकेकडून दोन पत्रं आणली: एक, आज कर्ज फेडायचं तर नेमके किती पैसे, दुसरं, बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. ही दुसरी यादी सोन्यासारखी. ती आमच्या वकिलाने प्रतींशी जुळवली. मग आम्ही विकणाऱ्याच्या हाती पैसे न देता थेट त्याच्या कर्जखात्याच्या नावे धनादेश काढला, आणि मूळ कागद त्या बँकेकडून थेट आमच्याकडे आले. करार पुढे ढकलायला विकणाऱ्याची लेखी संमती लागली. ती त्याने दिली म्हणून बरं, नाही तर भांडण कोर्टात गेलं असतं.

मी त्यांना म्हटलं, बयाणा देण्याआधी एकच गोष्ट करायला हवी होती: मूळ दलील हातात घेऊन बघायची. इथल्या दलिलीत पक्षकारांच्या दहाही बोटांच्या ठशांचं पान असतं, ते बघा. शिक्के, पानांचे क्रमांक बघा, सहीवरून बोट फिरवा. रंगीत झेरॉक्स डोळ्यांना फसवते, बोटाला कमी फसवते. शिवाय सेरसाई नावाची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे, त्यात थोडं शुल्क भरून मालमत्तेवरचं तारण शोधता येतं. तिथे काही सापडलं नाही म्हणजे कर्ज नाहीच, असं मात्र धरू नका. जुनी नोंद राहून गेलेली असू शकते.

आणखी एक गोष्ट इथे नेहमी दिसते. जुनं घर पाडून जमीनमालक आणि विकासक मिळून चार मजले बांधतात. आठ फ्लॅट होतात, पण जमिनीची जुनी मूळ दलील एकच. ती आठ जणांना कशी मिळणार? तुमच्या फ्लॅटची दलील मूळ हवी, जमिनीच्या जुन्या दलिलीची नोंदणी कार्यालयातून काढलेली प्रमाणित प्रत चालते. प्रमाणित प्रत म्हणजे झेरॉक्स नव्हे. ती निबंधक आपल्या नोंदवहीवरून देतो आणि तिच्यावर त्याची सही-शिक्का असतो. सोबत जमीनमालक-विकासक करार, कुलमुखत्यारपत्र, महापालिकेचा मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि भरलेल्या कराची पावती, यांच्या प्रती.

तुमच्या स्वतःच्या फ्लॅटची मूळ दलील हरवली असेल, तर पोलीस ठाण्यात जनरल डायरी, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, प्रमाणित प्रत आणि प्रतिज्ञापत्र, एवढं करून बँकेला विचारावं लागतं. काही बँका मानतात, काही मानत नाहीत.

शेवटचा कागद तुम्ही द्यायचा नसतो, घ्यायचा असतो. मूळ कागद सोपवताना प्रत्येकाचं नाव, क्रमांक, तारीख आणि पानांची संख्या लिहिलेली पोचपावती घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण काय दिलं होतं, हे सिद्ध करायला तुमच्याकडे तीच पावती असते. कर्ज वीस वर्षांचं असतं, तोवर शाखा बदलते, अधिकारी निवृत्त होतो. माझ्यासारखा. पावती मात्र तुमच्या पहिल्या फाइलमध्ये राहू द्या, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.