आवणीचा हात आणि काखेतल्या गाठी

स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे किरणोपचार झाले, की घरी निघालेल्या बाईला बहुधा एक ताकीद मिळते: या हाताने आता जड काही उचलायचं नाही. शहापूर-मुरबाडच्या शेतकरी घरात ही ताकीद पाळायची म्हटली, तर पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, आवणी, झोडणी सगळंच थांबतं. काही दिवस जाऊ किंवा सून निभावते, मग बाई निमूट कामाला लागते. एक सूचना मोडलीच, तर बाकीच्या तरी कशाला पाळा, असंही तिला वाटू लागतं. माझं म्हणणं असं, की ही सरसकट मनाई पुराव्याला धरून नाही, आणि खरोखर हात वाचवणाऱ्या गोष्टी तिच्यामागे झाकल्या जातात.

सूज येते कशी, ते आधी पाहू. रक्तवाहिन्यांतून झिरपलेलं पाणी आणि प्रथिनं बारीक लसीकावाहिन्या परत रक्तात नेतात. हाताच्या बहुतेक वाहिन्यांची वाट काखेतल्या गाठींतून जाते. गाठी काढल्या किंवा किरणांनी तिथली ऊती निबर झाली, की वाट अरुंद होते. काखेतल्या गाठी मोठ्या प्रमाणावर काढल्या तर साधारण पाचांपैकी एकीला सूज येते. मोजक्याच गाठी काढून तपासल्या तर धोका बराच कमी असतो. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांचं स्वतःचं आकुंचन आणि शेजारच्या स्नायूंची हालचाल यांवरच पाणी पुढे सरकतं, म्हणून न हलणारा हात उलट पाणी साठवतो.

अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाने 2009 साली आधीच सूज असलेल्या 141 स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवलेलं वजन उचलणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले. यावर कोणी म्हणेल, त्या बायका व्यायामशाळेतल्या. आमची चिखलात वाकलेली. आक्षेप रास्त आहे. त्या अभ्यासात सुरुवात अगदी हलक्या वजनाने झाली, शिकवणारे सोबत होते आणि हातावर दाबमोजा होता. त्यातून पहिल्याच पावसात दिवसभर आवणी करावी असं निघत नाही. शस्त्रक्रियेनंतर खांदा मोकळा झाला, की आधी कळशी, मग अर्धा हंडा, आणि दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर एक पायरी मागे, एवढं मात्र नक्की निघतं.

चिखलाचा खरा धोका वेगळाच आहे. तासन्‌तास भिजलेली कातडी मऊ पडते, विळ्याचा किंवा करवंदीच्या काट्याचा ओरखडा उठतो आणि त्यातून जंतू शिरतात. साठलेल्या प्रथिनयुक्त पाण्यात ते झपाट्याने पसरतात, आणि प्रत्येक संसर्गाने उरलेल्या वाहिन्याही खराब होतात. वजनाची जेवढी भीती घातली जाते, तेवढी या ओरखड्याची घालायला हवी होती. कामावरून आल्यावर हात साबणाने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, खोबरेल लावावं. ओरखडा लगेच धुऊन जंतुनाशक लावावं. हात लाल, गरम झाला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. ही प्रतिजैविकाची वेळ आहे. तेव्हा चोळणं, शेकणं आणि दाबमोजा तिन्ही बंद.

सूज डोळ्यांना दिसते तोवर उशीर झालेला असतो. त्याआधी काकणं घट्ट होतात, ब्लाउजची बाही रुतते, हात भरून आल्यासारखा वाटतो. इथे शिंप्याची टेप उपयोगी पडते. शस्त्रक्रियेपूर्वीच दोन्ही हात मनगटाशी आणि कोपराच्या दहा सेंटीमीटर खाली व वर मोजून वहीत लिहावेत. समजा, कामाचा उजवा हात कोपराखाली आधीच 24.5 आणि डावा 24 होता. सहा महिन्यांनी उजवा 26, डावा 24 भरला. फरक दोनचा दिसतो, पण त्यातला अर्धा सेंटीमीटर जन्माचा सोबती. खरी वाढ दीडची. आधीचं माप नसेल तर हे कळणार कसं? अशी वाढ दिसली की दोन सेंटीमीटरची वाट न पाहता फिजिओथेरपिस्टला दाखवावं. सूज एकाएकी आली किंवा सोबत दुखणं असलं, तर रक्ताची गुठळी किंवा आजार परतला नाही ना, हे डॉक्टरांनी तपासायला हवं.

बोटाने दाबल्यावर खळगा पडतो तोवर सूज बऱ्यापैकी उतरते. पुढे आत चरबी आणि तंतू साठून हात कडक होतो. माप घेऊन दिलेला दाबमोजा दिवसा घालावा, रात्री काढावा, सैल पडला की बदलावा. चिखलात तो भिजून कातडीला त्रास देतो, म्हणून आवणीच्या दिवसांत त्या बाईकडे बांधावरचं कोरडं काम द्यावं आणि मोजा तिथे घालावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी ही सूज जात नाही, कारण त्या पाणी काढतात, प्रथिनं तिथेच राहतात. हत्तीरोगाच्या गोळ्यांचाही इथे उपयोग नाही. त्या जंतावरच्या आहेत आणि इथे जंत नाही.