पपनस, ज्येष्ठमध आणि रोजची गोळी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज तीन पदार्थांबद्दल बोलायचे आहे. पहिला पपनस, दुसरा ज्येष्ठमध आणि तिसरा जुने, मुरवलेले चीज. तिन्ही खाण्याचे पदार्थ आहेत आणि निरोगी माणसाला त्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण आपल्यापैकी पुष्कळजण रोज कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, काहीजण मनाच्या आजारावरची घेतात आणि ज्यांचे मूत्रपिंड किंवा यकृत बदलले आहे त्यांना तर जन्मभराची औषधे असतात. त्यांनी ही माहिती नीट ऐकावी.

पपनसापासून सुरुवात करतो, कारण त्याचा हंगाम गणपतीच्या आगेमागेच येतो. गोव्याकडची मंडळी तर ते माटोळीला टांगतात. इथे इंदूरच्या बाजारात त्याला चकोतरा म्हणतात आणि परदेशी ग्रेपफ्रूटलाही लोक चकोतराच म्हणतात. ही दोन फळे वेगळी आहेत, पण नात्यातली आहेत. पपनस आणि गोड संत्रे यांच्या संकरातून ग्रेपफ्रूट जन्माला आले. म्हणजे पपनस हे त्याचे जनक, आणि औषधाशी भांडण्याचा गुण त्याला जनकाकडूनच मिळाला आहे.

हा गुण सापडला तो योगायोगाने. कॅनडातले डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिले. रक्तातले औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाले आणि शोध घेता घेता दोष मद्याचा नसून रसाचा आहे हे उघड झाले. हे निष्कर्ष १९८९ ते १९९१ या काळात प्रसिद्ध झाले.

असे का होते? आपल्या आतड्याच्या अस्तरात सीवायपी-३ए-४ नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. त्याला जुना जकातनाका समजा. गोळी पोटात गेली की रक्तात शिरण्याआधीच हा नाका तिच्यातला बराच भाग मोडून टाकतो. गोळीचा डोस ठरवताना ही जकात धरलेलीच असते. पपनसात आणि ग्रेपफ्रूटमध्ये फ्युरॅनोकुमरिन नावाची द्रव्ये असतात. ती या विकराला नुसती गुंतवून ठेवत नाहीत, तर कायमची निकामी करतात. मग आतड्याला नवे विकर तयार करावे लागते आणि त्याला एक ते तीन दिवस लागतात. तेवढे दिवस नाका उघडाच राहतो आणि जास्त औषध रक्तात जाते.

म्हणूनच "फळ सकाळी खातो आणि गोळी रात्री घेतो" हा उपाय इथे चालत नाही. एक फळ किंवा एक पेला रसही परिणामाला पुरतो. कुठल्या फळात ही द्रव्ये किती आहेत ते जातीवर अवलंबून असते, आणि कुणाच्या आतड्यात विकर किती आहे हेही माणसागणिक बदलते. त्यामुळे एकाला काही झाले नाही म्हणून दुसऱ्याला होणार नाही असे म्हणता येत नाही.

कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे उदाहरण घेऊ. सिम्वास्टॅटिनचा या नाक्यावर आणि पुढे यकृतात इतका ऱ्हास होतो की गिळलेल्या गोळीतला पाच टक्क्यांहूनही कमी भाग मूळ रूपात रक्तात पोहोचतो. एका अभ्यासात तीन दिवस रोज एक पेला ग्रेपफ्रूटचा रस घेतल्यावर रक्तातले हे औषध सुमारे साडेतीन पटींनी वाढले. लोव्हास्टॅटिनचेही असेच आहे. अटॉर्वास्टॅटिनवर परिणाम कमी होतो, पण होतो. रोसुव्हास्टॅटिन, प्रव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन या नाक्यातून जात नाहीत, त्यामुळे त्यांना पपनसाची बाधा नाही. स्टॅटिन फार वाढले तर स्नायूंना इजा होते. मांड्या-दंड दुखतात, जिना चढवत नाही, आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे, कारण मोडलेल्या स्नायूंची द्रव्ये मूत्रपिंडाला अपाय करतात.

आता ज्यांचे मूत्रपिंड बदलले आहे त्यांच्याकडे वळतो. त्यांच्यासाठी हा विषय फार नाजूक आहे. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस, एव्हरोलिमस ही सगळी औषधे याच नाक्यातून जातात. त्यांची रक्तातली पातळी एका अरुंद पट्ट्यातच ठेवावी लागते. पातळी कमी झाली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारते, जास्त झाली तर तेच औषध त्या मूत्रपिंडाला इजा करते. पपनस खाल्ल्यामुळे मूत्रपिंड बदललेल्या एका रुग्णाची टॅक्रोलिमसची पातळी दुपटीहून जास्त झाल्याची नोंद जपानमधून २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा चोपन्न वर्षांच्या एका गृहस्थांचे मूत्रपिंड बदलून दोन वर्षे झाली आहेत. टॅक्रोलिमस सकाळी दोन आणि रात्री दोन मिलिग्रॅम चालू आहे. पातळी सहा-सातच्या आसपास स्थिर, क्रिएटिनिन १.२. गणपतीत कुणीतरी पपनसे आणून दिली आणि त्यांनी चार दिवस रोज थोडे थोडे खाल्ले. पाचव्या दिवशी कप धरताना हात थरथरू लागला आणि डोके दुखू लागले. घरच्यांना वाटले, जागरणाने असेल. दोन दिवसांनी रक्त तपासले तर पातळी १६ आणि क्रिएटिनिन १.७.

आता खरा धोका पुढे आहे. फळाचा उल्लेख कुणीच केला नाही असे समजा. डॉक्टर पातळी पाहून डोस कमी करतील, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच ठरेल. पण इकडे पपनसे संपली आहेत. दोन-तीन दिवसांत नवे विकर तयार होते आणि जकात पुन्हा सुरू होते. कमी केलेला डोस आता खरोखरच कमी पडतो. पातळी तीन-चारवर येते आणि रुग्णाला काहीही जाणवत नाही, कारण नकाराची सुरुवात बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणजे एका फळाने आधी मूत्रपिंडावर औषधाचा भार टाकला आणि मग ते नाकारले जाण्याची वाट मोकळी केली.

हेच फळाचे सांगितले असते तर? फळ बंद, प्रत्यारोपण केंद्राला फोन, एखादा डोस थांबवायचा की कमी करायचा ते त्यांनी ठरवायचे आणि काही दिवसांनी पुन्हा तपासणी. ही तपासणी सकाळच्या गोळीच्या आधी करायची असते. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा खोटा वाढलेला येतो. आणि डोस आपल्या मनाने कधीही बदलायचा नाही.

आता ज्येष्ठमध, म्हणजे इथली मुलेठी. घसा बसला की आपण काडी चघळतो, काढ्यात टाकतो. दोन दिवस चघळल्याने बिघडत नाही. बिघडते ते आठवडेच्या आठवडे रोज घेतल्याने. ज्येष्ठमधाची गोडी ज्या ग्लिसरायझिनमुळे असते, ते पोटात गेल्यावर मूत्रपिंडातले एक विकर अडवते. हे विकर कॉर्टिसॉल या आपल्या नेहमीच्या संप्रेरकाला तिथे निष्प्रभ करत असते. ते अडले की कॉर्टिसॉल शरीरात मीठ आणि पाणी साठवू लागते आणि पोटॅशियम बाहेर टाकू लागते. पायावर सूज येते, रक्तदाब चढतो, अशक्तपणा आणि पेटके येतात. पोटॅशियम फार उतरले तर हृदयाची लय बिघडते. अमेरिकेत आठवडे-आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पाकिटे खाणारे एक गृहस्थ याच कारणाने दगावल्याचे २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

मनाच्या आजारावरच्या औषधांशी याचा संबंध असा, की एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या हृदयाच्या विद्युतलयीवर थोडा परिणाम करतात. पोटॅशियम उतरलेले असेल तर तो परिणाम धोकादायक होतो. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून जाते. म्हणून रक्तदाब कारण नसताना वाढू लागला तर काढ्याचे नाव डॉक्टरांना जरूर सांगा. काढा थांबवल्यावरही परिणाम उतरायला एक-दोन आठवडे लागू शकतात.

चीजबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण इथे भीतीच जास्त आहे. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या जी. रो या औषधतज्ज्ञांनी डॉ. बॅरी ब्लॅकवेल यांना कळवले, की त्यांच्या पत्नीला चीज खाल्ल्यावर प्रचंड डोकेदुखी होते. त्या मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध घेत होत्या. जुन्या चीजमधले टायरामिन एरवी शरीर मोडून टाकते. या औषधाने ते मोडले जात नाही आणि रक्तदाब एकदम उसळतो. मुरवलेले चीज, सोया सॉस, खारवून फार दिवस ठेवलेले मासे यांत टायरामिन जास्त असते. ताजे पनीर आणि ताजे दही यांत नसल्यातच जमा. आज बहुतेकांना दिली जाणारी सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधे त्या जातीची नाहीत, त्यांना हे पथ्य नाही. मात्र लिनेझोलिड हे प्रतिजैविक, जे चिवट क्षयरोगात दिले जाते, ते हेच विकर काही अंशी रोखते. ते चालू असताना हे पथ्य पाळावे.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे देत आहोत.

संत्री, मोसंबी आणि लिंबूही बंद करायचे का?
नाही. नेहमीची संत्री-मोसंबी चालतात. वरणावर पिळलेले लिंबूही चालते. टाळायचे ते पपनस आणि ग्रेपफ्रूट. मुलांकडे परदेशी गेलात तर न्याहारीच्या टेबलावरचा रस कशाचा आहे तेवढे विचारा. मिश्र फळांच्या रसाच्या डब्यावरही नाव वाचा.

मी अटॉर्वास्टॅटिन घेतो आणि मला पपनस फार आवडते. काय करू?
गोळी बंद करू नका. वर्षातून एखादे वेळी चार फोडी खाण्याचा आणि रोज अर्धे फळ खाण्याचा हिशेब वेगळा आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. फळ सोडवत नसेल तर ते रोसुव्हास्टॅटिनसारखी गोळी देण्याचा विचार करू शकतात. पण ही मुभा फक्त अटॉर्वास्टॅटिनवाल्यांना आहे. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांनी प्रसाद म्हणून आलेली फोडसुद्धा कपाळाला लावून दुसऱ्याच्या हातावर ठेवावी.