फोटोतला कुत्रा कसा ओळखावा

हल्ली पिल्लाचा सौदा मोबाइलवर आलेल्या फोटोवरूनच ठरतो. फोटोत उंची-वजन कळत नाही. हस्की आणि मॅलाम्यूट समोरासमोर उभे केले तर मॅलाम्यूट थोराड आहे हे कोणीही सांगेल. फोटोत मात्र दोघेही सारखेच दिसतात. तिथे कान पाहावेत. हस्कीचे कान डोक्यावर उंच आणि जवळजवळ असतात, मॅलाम्यूटचे एकमेकांपासून लांब, कडेला. मग डोळे. शुद्ध मॅलाम्यूटला निळे डोळे चालत नाहीत, त्यामुळे निळा डोळा दिसला की मॅलाम्यूट बाद. पण तपकिरी डोळ्यावरून काहीच ठरत नाही, कारण हस्कीचेही डोळे तपकिरी असू शकतात. एखादे लक्षण असणे जेवढे सांगते, तेवढे ते नसणे सांगतेच असे नाही.

हीच कसोटी आपल्या मातीतल्या कारवानीला लावू. सोलापूर-मराठवाड्याकडचा हा शिकारी कुत्रा. अंगाने सडसडीत, पोट आत ओढलेले, तोंड लांब. फोटोत तो ग्रेहाउंडसारखाच दिसतो. पण ग्रेहाउंडचा कान लहान, मागे मुडपलेला असतो. कारवानीचा कान गालालगत खाली लोंबतो. मात्र धावताना कारवानीही कान मागे टाकतो. म्हणून पळतानाच्या फोटोवर निकाल देऊ नये. कुत्रा शांत उभा असतानाचा, बाजूने काढलेला फोटो मागावा. अगदी जवळून, तोंडासमोर मोबाइल धरून काढलेल्या फोटोत नाक वाजवीपेक्षा लांब दिसते, तेही लक्षात ठेवावे.

दुसरा घोटाळा पश्मीचा. पश्मीच्या कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागे रेशमी केसांची झालर असते. कारवानीचे अंग आखूड केसांचे, गुळगुळीत. मोठ्या कुत्र्याला झालर स्पष्ट दिसली, तर तो कारवानी नव्हे. पण समजा, कोणी दीड महिन्याच्या पिल्लाचा फोटो पाठवला आणि म्हणाला, झालर नाही, म्हणजे कारवानीच. हा पुरावा नव्हे. झालर वयाबरोबर वाढते. इथे आईबापांचे फोटो मागावे लागतात. शिवाय अशाच बांध्याच्या सालुकी जातीत गुळगुळीत केसांचाही प्रकार आहे, आणि तिथे एकट्या फोटोवरून छातीठोक सांगणे कठीण.

मुधोळ आणि कारवानी यांतला फरकही लोक विचारतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करतो, त्यालाच कर्नाटकातल्या मुधोळच्या बाजूला मुधोळ हाउंड म्हणतात. तेव्हा फोटोत हा फरक शोधू नये.

फोटो रूप दाखवतो, वंश दाखवत नाही. संकरित पिल्लूही रूपाने एका बाजूला झुकलेले असू शकते. म्हणून पिल्लू घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: फोटोचा उपयोग नको ती पिल्ले वगळायला करा, पैसे देण्याआधी स्वतः जाऊन पिल्लाची आई पाहा आणि नोंदणीचे कागद तपासा.