तळ्याच्या छायाचित्राचा ठावठिकाणा

आपल्या आणे-जुन्नरकडील धरणांचे जलाशय छायाचित्रात ओळखणे अवघड नाही, कारण एका बाजूस सरळ बांध असतो आणि पाण्याचे फाटे ओढ्यांच्या खोऱ्यांत शिरलेले दिसतात; परंतु जेथे बांध नाही, बाहेर वाहणारा प्रवाह नाही आणि कडा चहूबाजूंनी उंच व वर्तुळाकार आहे, तेथे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा विचार प्रथम करावा. उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून, पाण्याभोवती क्षारांचा पांढुरका पट्टा, त्यामागे दाट झाडी आणि काठाशी कमळजादेवीचे मंदिर, या निशाण्या एकत्र आढळल्या की संशय उरत नाही.

एकट्या रंगावर मात्र विसंबू नये. एरवी हिरवट दिसणारे हे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण वाढत्या क्षारतेत फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. गुलाबी पाण्यासाठी ऑस्ट्रेलियातील हिलियर तळेही प्रसिद्ध आहे. ते समुद्राला खेटून आहे, लोणारभोवती दूरवर समुद्र नाही. तेव्हा स्थळ कड्यावरून ठरवावे, आणि रंगावरून छायाचित्राच्या काळाची खातरजमा करावी.