‘चोरते’ की ‘चालते’

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, कवयित्री नाही. मला ‘तुझ्या त्या पाण्याच्या कवितेबद्दल बोल’ असं सांगितलंय, म्हणून तेवढंच बोलते. कविता एकच आहे आणि ती आपल्याच गावातल्या दोन गल्ल्यांची आहे. त्या गल्ल्यांतले काहीजण समोर बसलेत, त्यामुळे जरा जपूनच.

माझी आई अजून खालच्या गल्लीत राहते. तिथे तिसऱ्या दिवशी, रात्री अडीच वाजता नळाला पाणी येतं आणि चाळीस मिनिटांत जातं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आले होते, तेव्हा तिच्याबरोबर उठले. शेजारची दहावीतली मुलगी हंड्याजवळ गणिताची वही घेऊन बसली होती. मला इतका संताप आला की पहाटेपर्यंत मी तीस ओळी लिहून काढल्या. त्यातल्या दोन अशा:

निर्लज्ज खुर्च्यांनो, तुमच्या बागेत कारंजी,
आमच्या घशाला कोरड! पेटवा आता मशाल!

गल्लीत वाचून दाखवली. टाळ्या पडल्या. पण टाळ्या देणारे सगळे अडीचला उठणारेच होते. त्यांना पटवायचं असं काही नव्हतंच. ज्या खुर्च्यांना मी शिव्या घातल्या त्या ही कविता कधी वाचणार नव्हत्या. आणि हो, आपल्या गावात कारंजं एकही नाही! नववीत बाई माझ्या निबंधातल्या विशेषणांखाली लाल रेघ ओढायच्या. तीस ओळींत तशी सतरा विशेषणं निघाली.

मग नोकरीतली सवय कामाला आली. प्रोग्रॅम चुकला की आम्ही आधी चूक कुठे आहे ते शोधतो, कोणाला झापायचं ते नंतर. पंधरा लिटरचा हंडा घेऊन घड्याळ लावलं. आईकडे तो भरायला सात मिनिटं लागली. त्याच वेळी वरच्या गल्लीतल्या एका काकूंकडे मिनिटभरसुद्धा लागलं नाही. पाइप एकच. तो टाकीकडून आधी वरच्या गल्लीत जातो, मग आमच्याकडे. वरच्या घरांनी नळाच्या लाइनला थेट मोटरी जोडल्यात. त्या टायमरवर आपोआप सुरू होऊन जमिनीतली टाकी भरतात. मोटर लाइनमधून पाणी ओढते, पुढचा दाब पडतो आणि शेवटच्या घरांना करंगळीएवढी धार उरते.

खात्री करायला त्या काकू आणि त्यांच्या दोन शेजाऱ्यांना एका रात्रीपुरत्या मोटरी बंद ठेवायला सांगितलं. आईकडचा हंडा साडेपाच मिनिटांत भरला.

पहिल्या खर्ड्यात मी व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसावरही ‘पैसे खातो’ असा आरोप केला होता. गल्लीत तसं बोललं जायचं, मी लिहून टाकलं. नंतर एक रात्र त्याच्याबरोबर फिरले. एकटा माणूस मोटरसायकलवर चावी घेऊन अकरा व्हॉल्व्ह उघडतो आणि बंद करतो. पैशाचा पुरावा कुठेच नव्हता. ती ओळ मी काढली. त्याची दया आली म्हणून नव्हे. ज्याला ऐकायचं नसतं तो अशी एखादी कच्ची ओळच शोधत असतो. ती सापडली की बाकीच्या खऱ्या ओळीही त्याच्या लेखी खोट्या ठरतात.

मुख्य म्हणजे कविता कोणासाठी आहे हे आता कळलं होतं. वरच्या गल्लीतली माणसं वाईट नव्हती, ती झोपलेली होती. आमच्याकडे गजर होता आणि त्यांच्याकडे टायमर. अडीच वाजता खाली काय होतं हे त्यांनी पाहिलेलंच नव्हतं. ते दाखवायचं, एवढंच कवितेचं काम.

छंद अभंगाचा घेतला. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यात यमक. महात्मा फुल्यांनी समाजाचे कान उपटायला अखंड लिहिले तेही अभंगाच्याच वळणाचे. हा ठेका आपल्या सगळ्यांच्या कानात असतो, आणि सहा अक्षरांत विशेषण मावत नाही हा माझा जास्तीचा फायदा. कविता अशी:

रात्रीचे अडीच, नळ घरघर,
जागे झाले घर पाण्यासाठी.

दहावीची पोर हंड्याशी बसते,
गणित मांडते दिव्याखाली.

एक हंडा भरे सात मिनिटांत,
मोजते मनात राहिलेले.

वरच्या गल्लीत मोटर चालते,
खालती थांबते धार तेव्हा.

सहावा तो हंडा अर्धाच भरला,
तसाच ठेवला उंबऱ्याशी.

गणिताच्या सरांनी चाळीस भागिले सात करून पाहावं. सहावा हंडा पुरता भरत नाहीच.

यातला एक शब्द मला महिनाभर पुरला. चौथ्या कडव्यात मी आधी ‘मोटर चोरते’ लिहिलं होतं. अक्षरं तेवढीच, यमकही जुळतं, आणि लिहिताना फार बरं वाटतं. काकूंना वाचून दाखवलं. ‘चोरते’ आलं आणि त्यांचा चेहरा मिटला. पुढची ओळ त्यांनी ऐकलीच नाही. त्या मनात उत्तर जुळवत होत्या: आम्ही पाणीपट्टी भरतो, सगळेच लावतात, आमचीच मोटर दिसली का? आठ दिवसांनी ‘चालते’ करून पुन्हा वाचलं. या वेळी त्या शेवटपर्यंत ऐकत होत्या, आणि मग म्हणाल्या, “अगं, आमचीच की ही.”

‘चोरते’ म्हटलं की निकाल मी दिलेला असतो आणि ऐकणाऱ्याला अपील करण्यावाचून काम उरत नाही. ‘चालते’ हे त्यालाही नाकारता येत नाही. ते आणि खालची थांबलेली धार यांचा संबंध ‘तेव्हा’ या शब्दापाशी त्याचा त्यालाच जोडावा लागतो. अर्थात हा ‘तेव्हा’ लिहायचा हक्क मला त्या साडेपाच मिनिटांनी दिला होता. मोजलं नसतं तर तोही कांगावाच झाला असता.

आरडाओरड वाईटच, असं मात्र मी म्हणत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला कोणी हळू बोलायला सांगावं, अशी माझी प्राज्ञा नाही. ज्यांना कोणी माणसात धरलंच नाही, त्यांचा आवाज चढणारच. माझं भांडण शेजाऱ्याशी होतं, आणि उद्या त्याच्याच घरी हळदीकुंकवाला जायचं होतं.

कवितेत एक गोष्ट मुद्दाम घातली नाही. लाइनला थेट मोटर लावली की पाइपमध्ये ओढ तयार होते आणि गळक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत येऊ शकतं, म्हणजे वरच्या गल्लीचंही नुकसानच. हा सगळ्यात मोठा मुद्दा, पण कवितेत तो पत्रकासारखा वाजायला लागला. मी तो अर्जात घातला. तिथे तो शोभतो.

मागच्या गणपतीत वरच्या गल्लीच्या मंडळात ही कविता वाचली. टाळ्या फारच थोड्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर आपल्याच वर्गातला एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, “ती पोर कोणाची गं?” मी सांगितलं. तो म्हणाला, “माझी मोटर पहिल्या घरातली. तू माझं नाव का नाही घेतलंस?” मला काय बोलावं ते सुचलं नाही. दहावीत माझी सायकल पंक्चर झाली की हाच मला डबलसीट शाळेत आणायचा.

त्याने मोटर लाइनवरून काढून जमिनीतल्या टाकीवर घेतली. काकूंनीही घेतली. आणखी दोन घरांनी घेतली, बाकीच्यांनी नाही. एका गृहस्थांनी तर मला ‘पुण्याहून येऊन शहाणपणा शिकवते’ असं तोंडावर सुनावलं. अडीचची वेळ अजून तीच आहे. ती दर महिन्याला आळीपाळीने बदलावी असा अर्ज नगरपालिकेत पडून आहे, त्यावर सह्या दोन्ही गल्ल्यांच्या आहेत. ती मुलगी आता बारावीत गेली. परवा आईने फोनवर सांगितलं, हल्ली सहावा हंडा भरतो, सातव्याला पाणी जातं.