पाण्यात पडलेला मोबाइल आणि तांदळाचा डबा

धुणं धुताना खिशातला मोबाइल बादलीत पडला, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तांदळात ठेव!’ कृपया ठेवू नका.

फोन बाहेर काढल्याबरोबर बंद करा. आधीच बंद पडला असेल, तर चालू करून पाहू नका आणि चार्जरही लावू नका. नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र येणं जास्त घातक असतं. नळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून वीज वाहिली, की आतल्या सर्किटवरचं तांबं काही मिनिटांतच गंजू लागतं.

मग कव्हर आणि सिमचा ट्रे काढा. चार्जिंगचं तोंड खाली धरून फोन तळहातावर हलकेच आपटा, म्हणजे साचलेलं पाणी गळेल. कापडाने टिपा आणि पंख्याच्या वाऱ्यात किमान एक दिवस उभा ठेवा. हेअर ड्रायर नको. उष्णतेने बॅटरी आणि आतला गोंद बिघडतो.

आता तांदूळ. तांदूळ स्वतःला चिकटलेलं पाणी शोषतो, फोनच्या आतलं ओढून घेत नाही. उलट डब्यात वारा खेळत नाही, आणि पिठूळ कण चार्जिंगच्या खाचेत अडकतात. ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोन तांदळात ठेवू नका, असं स्पष्ट सांगितलं.

फोन समुद्रात पडला असेल, तर मात्र वाळण्याची वाट पाहू नका. पाणी उडून गेलं तरी मीठ आतच राहतं. असा फोन बंद ठेवूनच त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो फोन उघडून सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन देईल.